आभार तारखेचे

दरवर्षी जुलै संपत आला की आमच्या शिष्यवृत्ती समितीकडे पत्रांचा गठ्ठा जमतो. समिती लहान आहे. कार्यालय म्हणजे लातुरातल्या एका सभासदाच्या घराची पुढची खोली. शिष्यवृत्ती पुढल्या वर्षी चालू ठेवायची तर गुणपत्रिका जोडायची आणि सोबत एक पत्र लिहायचं, असा नियम आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं.

या पत्रांची एक अडचण आहे. ती सक्तीची असतात. आभार मानले नाहीत तर पुढचा हप्ता अडकेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. त्यामुळे बहुतेक पत्रं उपयोजित मराठीच्या गाइडमधून उतरलेली असतात. ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल’ इथून निघतात आणि ‘आपली आजन्म ऋणी’ इथे पोचतात. मध्ये कुठेतरी आम्ही देवासारखे धावून आलेलो असतो. लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. ही वाक्यं त्यांना आमच्यासारख्यांनीच शिकवली, दहावी-बारावीला त्यांवर गुणही दिले.

2024 च्या गठ्ठ्यात एक पत्र वेगळं निघालं. 22 जुलैची तारीख, फुलस्केपची दोन पानं, निळी शाई. लिहिणारी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बारावी लातुरात करून 2023 साली नांदेडला विद्युत अभियांत्रिकीला गेलेली आणि पहिलं वर्ष नुकतंच पास झालेली. लातूरची मुलगी नांदेडला जाते यात नवल नाही. विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून उभं आहे आणि नांदेडात त्यानंतर इतरही कॉलेजं निघाली. ती कोणत्या कॉलेजात आहे ते मी सांगत नाही, तिचं आणि गावाचं नावही देत नाही. पत्रातली वाक्यं तेवढी तिची आहेत. वर्गात आम्ही कवितेचं रसग्रहण करतो तसं या पत्राचं करावं असं वाटलं. आशय, रचना, भाषा, हे कप्पे मात्र मी पाळणार नाही, कारण या पत्रात ते वेगळे काढता येत नाहीत.

मायना साधा आहे. ‘आदरणीय समिती सदस्य, स. न. वि. वि.’ त्यापुढचं पहिलं वाक्य असं: ‘दि. 3 नोव्हेंबर 2023, शुक्रवारी, दुपारी माझ्या खात्यावर 18,000 रुपये जमा झाले आणि सोमवारी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती.’

आभाराच्या पत्राची सुरुवात अशी कुणी करत नाही. या वाक्यात शोभेचं विशेषण एकही नाही, भावनेचा शब्द नाही, आभारही नाहीत. एक तारीख, एक वार, एक रक्कम आणि दुसरा वार. पण शुक्रवार आणि सोमवार यांच्यामध्ये ‘आणि’ हे साधं उभयान्वयी अव्यय ज्या पद्धतीने बसलं आहे, त्यात त्या मुलीचा सगळा ऑक्टोबर दिसतो. शनिवार-रविवार वजा केले तर हातात किती वेळ उरतो, याचं गणित ती वाचणाऱ्यावर सोडते. मोजून बघा, फारसं काही उरत नाही.

इथे थोडं थांबून हा पेच समजून घ्यायला हवा, नाहीतर या वाक्याची धार कळत नाही. गरिबाच्या मुलीला अभियांत्रिकीला पैसे लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते कधी लागतात हे फारसं कुणी विचारत नाही. फीची निम्मी रक्कम भरणारी सरकारी योजना 2023 सालीही होती. पण योजनेचा प्रवास लांब असतो. विद्यार्थिनीने ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा, कॉलेजने तो पडताळायचा, मग तो खात्याकडे जायचा, मग बिल निघायचं आणि मग हप्ता पडायचा. बऱ्याचदा पैसा येतो तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं. खर्चाचं मात्र उलटं असतं. प्रवेशाची फी, खोलीची आगाऊ रक्कम, मेसची अनामत, ड्राफ्टर, वर्कशॉपचा ॲप्रन, हे सगळं पहिल्या तीन महिन्यांतच लागतं. शेतकऱ्याच्या घरी तर सोयाबीन ऑक्टोबरात निघतं आणि तूर त्याच्याही नंतर. म्हणजे खर्च पेरणीसारखा आधी येतो आणि सरकारचा पैसा, शेताचा पैसा, दोन्ही सुगीसारखे मागून येतात. मधल्या चार महिन्यांत पोरगी कॉलेजात टिकते किंवा घरी परतते. आमच्या समितीची रक्कम फार मोठी नाही, वर्षाला 36,000, दोन हप्त्यांत. तिचं मोल त्या मधल्या फटीत पडण्यात आहे. पंधरा वर्षं समितीवर बसून मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते या मुलीने एका वाक्यात मांडलं, आणि तेही मांडायचा आव न आणता.

दुसरा परिच्छेद म्हणजे हिशेब आहे. तिने तो ओळीखाली ओळ लिहिलेला आहे आणि आकड्यांचे एकक-दशक एकाखाली एक आले आहेत. पट्टी लावून ओढलेली रेघ, खाली बेरीज. मी तो जसाच्या तसा देतो:

मेस, सप्टेंबर ते नोव्हेंबर, 2,800 प्रमाणे: 8,400
खोलीभाडं, दोन महिने, 1,500 प्रमाणे: 3,000
परीक्षेचा फॉर्म: 1,750
ड्राफ्टर, ड्रॉइंग शीट, ॲप्रन: 1,150
मामाचे उसने परत (सप्टेंबरात मेसच्या अनामतीला घेतलेले): 3,000
एकूण: 17,300
शिल्लक: 700

हिशेब कुणी मागितला नव्हता. समितीच्या नियमांत पावत्या जोडायची अट नाही. तरी तिने तो दिला, आणि देताना चौथ्या ओळीत एक खाडाखोड केली. तिथे आधी 1,200 लिहिलं होतं. ते एका रेघेने खोडून वर 1,150 लिहिलं. त्यामुळे खालची बेरीज बदलली, शिल्लकही 650 ची 700 झाली, म्हणून त्या दोन्ही ठिकाणीही खोडलं. पत्र पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवून काढता आलं असतं. तिने तसं केलं नाही. तिच्या दृष्टीने आकडा चुकला होता, तो दुरुस्त झाला, विषय संपला. 50 रुपयांसाठी तीन खाडाखोडी झालेलं पान तिने निःशंकपणे समितीकडे पाठवलं. वर्गात मी सुवाच्य अक्षराला गुण द्यायचो. या खाडाखोडीला काय द्यावेत ते मला अजून कळलेलं नाही.

आता पाचवी ओळ पाहा. मामाचे उसने परत. ही ओळ खर्चाची आहे, पण तिचा रोख आमच्याकडे आहे. पैसे सप्टेंबरात लागले, आमच्याकडून नोव्हेंबरात आले, मधली तारीख मामाने सांभाळली. ‘आपले पैसे उशिरा आले’ असं ती कुठेही म्हणत नाही. म्हणायची गरजच ठेवली नाही. कंसातल्या ‘सप्टेंबरात’ या एका शब्दाने ते सांगून टाकलं. तक्रार न करता तक्रार पोचवायची ही रीत आपल्याकडच्या सुनांना आणि सालगड्यांना चांगली अवगत असते. इथे मात्र तिच्यात लाचारी नाही. हिशेबात ती ओळ येणारच होती, न आली तर बेरीज जुळली नसती. बेरीज जुळवायची म्हणून बोललेलं खरं फार कमी वेळा ऐकायला मिळतं.

शिल्लक 700. पत्राचा खरा प्राण या आकड्यात आहे. पुढचा परिच्छेद असा सुरू होतो: ‘700 रुपये शिक्षणावर खर्च झाले नाहीत. जानेवारीत आमच्या विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा ते मी घरी पाठवले. ही गोष्ट आपल्याला सांगणं भाग आहे.’

‘भाग आहे’ हा शब्दप्रयोग थांबून ऐकावा. तिने ‘क्षमस्व’ लिहिलं नाही. ‘नाइलाज झाला’ असंही लिहिलं नाही. समितीच्या अर्जावर स्पष्ट छापलेलं आहे की ही रक्कम फक्त शिक्षणासाठी वापरावी. ते वाक्य तिने वाचलं होतं आणि सही केली होती. 700 रुपये हिशेबात कुठेही घालता आले असते. ‘झेरॉक्स व इतर’ अशी एक ओळ टाकली असती तर आम्हाला कळलंही नसतं. हिशेब लिहिणाऱ्या बहुतेकांच्या वहीत अशी एक ‘व इतर’ची ओळ असते आणि ती त्यांचं पुष्कळ काही झाकते. या हिशेबात ‘इतर’ नाही.

मोटार भरायला 3,200 रुपये लागले, हेही तिने लिहिलं आहे. म्हणजे तिच्या 700 ने काम झालेलं नाही, हातभार तेवढा लागला. बाकीचे कुठून आले ते लिहिलेलं नाही. त्या वर्षी फीची उरलेली निम्मी रक्कम बापाने भरली, एवढं अर्जात होतं. कशी भरली ते तिथेही नव्हतं.

याच परिच्छेदात तिची भाषा एकदा घसरते, आणि घसरते तिथेच ती सगळ्यात सुंदर होते. एरवी पत्र प्रमाण मराठीत आहे, जपून लिहिलेलं. फोनवरचं बोलणं आलं की तिच्या हातून घरची भाषा उमटते: ‘मोटार जळाली हे बापानं सांगितलं नाही, मायनं सांगितलं. पैसे पोचल्यावर बाप म्हणला, तू पैसे कामून पाठवलीस.’

‘माय’ आणि ‘कामून’ हे शब्द मराठवाड्याबाहेरच्या वाचकालाही कळतील. मला मोह पडला तो ‘पाठवलीस’चा. पुस्तकातल्या व्याकरणाप्रमाणे इथे ‘पैसे का पाठवलेस’ असं हवं. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ते पैशांकडे बघतं. लातूर-नांदेडकडच्या बोलीत ते कर्त्याकडे वळतं. ‘मी काम केलो’, ‘ती भाकर खाल्ली’, ‘तू पैसे पाठवलीस’. तेलुगू-कानडीच्या शेजाराने आलेली ही लकब आहे असं मानतात, आणि आम्ही मास्तर मंडळींनी ती वर्षानुवर्षं लाल शाईने खोडली. या वाक्यात ती खोडून बघा. ‘पाठवलेस’ म्हटलं की प्रश्न पैशांचा होतो. ‘पाठवलीस’ म्हटलं की बाप पैशांकडे न बघता पोरीकडे बघतो. तिने हे ठरवून केलं नसणार. बापाचं वाक्य बापाच्या तोंडातून जसं आलं तसं तिने ठेवलं, तेवढंच. पण बापाचं बोलणं प्रमाण मराठीत धुऊन समितीपुढे ठेवावं असं तिला वाटलं नाही, यात तिचा ताठ कणा दिसतो.

आणि मग पत्र अशा वळणावर जातं की गाइडमधले सगळे नमुने मागे पडतात. ती समितीला मोटार का जळाली ते समजावून सांगते.

तिचं स्पष्टीकरण मी थोडक्यात देतो. शेतातल्या मोटारीला तीन फेज लागतात. डीपीवरचा एखादा फ्यूज उडाला किंवा तार तुटली की एक फेज जातो. मोटार बंद असेल तर ती सुरूच होत नाही, नुसती घुमते, आणि तेव्हा माणूस सावध होतो. ती आधीपासून चालू असेल तर मात्र थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर तेवढंच पाणी ओढत राहते. त्या दोन तारांतला करंट मग 1.73 पट होतो, आणि वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती तिप्पट होते. मोटारीचा आवाज जड होतो, जवळ कुणी असेल तर त्याला तो कळतो. थोड्या वेळाने वास येतो, आणि वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. बाप स्टार्टरला ऑटो स्विच लावून घरी झोपला होता. लाइट आली तशी मोटार आपोआप सुरू झाली, नंतर कधीतरी एक फेज गेला, आणि जड झालेला आवाज ऐकायला विहिरीवर कुणी नव्हतं.

हे सांगून झाल्यावर ती लिहिते: ‘हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. फेब्रुवारीत वर्गात तीन फेज शिकवले तेव्हा कळलं. वर्गमूळ तीन ही संख्या मी आधी फक्त पाठ केली होती.’

या वाक्यापाशी मी पहिल्यांदा पत्र खाली ठेवलं. शिक्षण म्हणजे काय यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत आणि दोन-चार स्वतःही केली आहेत. जानेवारीत घरची मोटार जळते आणि फेब्रुवारीत फळ्यावर तिचं कारण उमटतं, या दोन महिन्यांच्या क्रमात जे आहे ते त्या भाषणांत नव्हतं. आणि क्रम पाहा, तो उलटा आहे. आधी नुकसान, मग ज्ञान. ती त्याला दुरुस्त करून सोपं करत नाही. ‘मी शिकले म्हणून घरची मोटार वाचली’ असं लिहिलं असतं तर समितीला बरं वाटलं असतं, पण तसं घडलं नव्हतं. मोटार जळाली ती जळालीच. पुढे एवढंच आहे की उन्हाळ्यात घरी गेल्यावर तिने बापाला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला सांगितलं. एक फेज गेला की मोटार बंद पाडणारं हे लहानसं यंत्र. बसवलं का, याचं उत्तरही प्रामाणिक आहे: ‘सोयाबीन पेरल्यावर बसवू म्हणाले.’

इथे वाचणाऱ्याला रूपक शोधायचा मोह होईल. तीन फेजचं घर, एक गेला की उरलेल्या दोघांवर भार, वगैरे. तो मोह आवरावा. तिने मोटारीबद्दल लिहिलं आहे, मोटारच वाचावी. तिच्या लिहिण्याचा मोठेपणा हाच आहे की आमच्याकडून पैसे घेऊन ती आम्हाला स्तुती परत करत नाही, समजूत परत करते. पैसे देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या शेतावर मोटारी आहेत. पत्र बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या एका वयस्क सभासदांनी वहीच्या मागच्या पानावर त्या यंत्राचं नाव लिहून घेतलं.

पत्र निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला शिक्षकांच्या नावांची एक लांब यादी आहे, ती कुणीतरी सांगून लिहायला लावल्यासारखी वाटते. त्यानंतर ‘मी समाजासाठी काहीतरी करीन’ असं एक वाक्य येतं, ते थेट गाइडमधलं आहे. जिने मोटारीच्या जळण्याचं कारण एवढं नेमकं सांगितलं, तिच्या हातून ‘काहीतरी’ हा शब्द यावा याचं वाईट वाटतं. पण कदाचित तेही बरंच आहे. एकोणीस वर्षांची मुलगी आहे, पुढे काय करायचं ते तिला अजून ठरवायचं आहे. मागचं नेमकं आणि पुढचं मोघम, हे त्या वयाला धरूनच आहे.

दुसऱ्या हप्त्यावर एकच ओळ आहे: तो फेब्रुवारीत आला आणि मेस-खोलीत गेला. जिथे सांगण्यासारखं काही नाही तिथे ती रेंगाळत नाही. त्यापुढे मात्र एक छोटा परिच्छेद आहे, आणि तो त्या जुलैतच लिहिला जाऊ शकत होता. 8 जुलै 2024 रोजी राज्य शासनाचा निर्णय निघाला होता. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. दोन आठवड्यांनी लिहिलेल्या पत्रात ती म्हणते: ‘फी आणि परीक्षा शुल्क माफ झालं असं वाचलं. प्रत्यक्ष झालं की कळवीन. तसं झालं तर वर्षाचे 3,500 मला कमी दिले तरी चालतील. मेस आणि खोली माफ झालेली नाही.’

शेवटचं वाक्य सहाच शब्दांचं आहे, पण फीमाफीच्या बातम्यांत जे वाक्य हरवतं ते नेमकं हेच. फी माफ होते तेव्हा जेवण माफ होत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर ओलांडून लातूरकडे जाणारी एसटी घरून रोज ये-जा करण्याइतकी जवळची नाही. मुलीला नांदेडात राहावंच लागतं, आणि राहणं दर महिन्याला 4,300 चं आहे. हे ती गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. ‘कमी दिले तरी चालतील’ आणि ‘माफ झालेली नाही’ ही दोन वाक्यं तिने शेजारी ठेवली आहेत. जे नको ते आधी सोडलं, म्हणून जे हवं ते मागताना मान खाली घालावी लागली नाही. आणि ‘प्रत्यक्ष झालं की कळवीन’ यात अनुभवाचं शहाणपण आहे. निर्णय निघाल्याची तारीख आणि पैसा पोचल्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा असतात, हे तिला पहिल्याच वर्षात कळलं होतं.

या पत्रात काय नाही, तेही रसग्रहणात सांगायचं असतं. यात दारिद्र्य नाही. गळकं छत, आईचे कष्ट, बापाची फाटकी धोतरं, यांतलं काही नाही. वर्षभरापूर्वी तिचाच अर्ज मी वाचला होता, त्यात हे सगळं जोडलेलं होतं, कारण आम्ही ते मागतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, ‘आर्थिक परिस्थितीचे वर्णन’ असा एक रकानाही. अर्जात गरिबी सिद्ध करावी लागते. त्या अर्जाखाली तिने ‘आपली कृपाभिलाषी’ लिहिलं होतं. आभाराच्या पत्रात ती त्या रकान्यातून बाहेर आली आहे. इथे ती गरीब नाही, विद्युत अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. पुष्कळांना हा बदल साधत नाही. पैसे मिळाल्यावरही ते अर्जाच्याच आवाजात बोलत राहतात, आणि देणाऱ्यांनाही तो आवाज गोड लागतो. तो गोड लागणं हा आमचा दोष आहे.

आभार हा शब्द सबंध पत्रात एकदाच येतो, अगदी शेवटी: ‘पैशाबद्दल आभार आहेतच. पण 3 तारखेबद्दल जास्त आहेत.’ आणि त्याखाली, ‘कळावे.’

जुन्या पत्रांत ‘कळावे, लोभ असावा’ अशी जोडी असायची. तिने पहिला शब्द ठेवला, दुसरा भाग सोडला. लोभ मागितलेला नाही. जे घडलं ते तुम्हाला कळावं, एवढीच विनंती आहे. दोन पानांत तिने तेच केलं आहे. किती आले, कधी आले, कुठे गेले, कुठले चुकीच्या जागी गेले आणि त्यातून मला काय कळलं. ‘कळावे’ हा शब्द आपण सवयीने लिहितो. इथे तो पहिल्यांदा मला खऱ्या अर्थाने वापरलेला दिसला. सहीखाली कृपाभिलाषी नाही, आज्ञाधारक नाही. ‘आपली’, मग नाव, मग ‘प्रथम वर्ष उत्तीर्ण’.

बैठकीत 700 रुपयांचा प्रश्न निघाला. नियम नियम आहे, असं एकाने म्हटलं, आणि ते चूक नव्हतं. ज्यांनी यंत्राचं नाव लिहून घेतलं होतं ते म्हणाले, जिने सांगितलं तिच्याकडून वसूल करायचे आणि ज्यांनी ‘इतर’मध्ये घातले त्यांना सोडायचं, हे जमणार नाही. 700 रुपयांवर पडदा पडला. दुसरं काम मात्र झालं. पुढच्या वर्षीच्या अर्जात आम्ही ‘आर्थिक परिस्थितीचे वर्णन’ हा रकाना निम्मा केला. उरलेल्या जागेत नवा रकाना छापला आहे: पैसे कोणत्या तारखेपर्यंत लागतील?